जेलही लावले, गोळीही घेतली? ट्यूबवरच्या बारीक अक्षरांतला हिशेब

वेदनाशामक जेल आणि स्प्रे 'वरून लावायचे' म्हणून निर्धोक समजले जातात. त्यातले किती औषध रक्तात उतरते, कोणते जास्त उतरते आणि सोबत गोळी घेतली तर काय होते, ते समजून घेऊ.

ऑक्टोबर लागला की वर्धा जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू होते. दिवसभर कमरेत वाकून पऱ्हाटीतून हात फिरवायचा, कमरेची झोळी भरली की बांधावर नेऊन रिकामी करायची आणि पुन्हा वाकायचे. मजुरी किलोवर असते, त्यामुळे कंबर दुखते म्हणून कोणी लवकर घरी जात नाही. संध्याकाळी गावातल्या मेडिकलवर मागणी ठरलेली असते: एक जेलची ट्यूब द्या आणि सोबत दोन दिवसांच्या गोळ्या.

ही जोडी इतकी सवयीची झाली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटत नाही. गोळी पोटातून काम करेल, जेल वरून करेल, असा सरळ हिशेब असतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोन्हींत एकाच गटाचे औषध असते आणि दोन्हींचा थोडाफार भाग शेवटी एकाच रक्तात मिसळतो. तो भाग किती, हे मोजले गेले आहे.

ट्यूबमधले डायक्लोफेनॅक किती आत जाते?

आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक वेदनाशामक जेलवर 'डायक्लोफेनॅक डायइथाइलअमाइन १.१६ टक्के' असे छापलेले असते. हे प्रमाण १ टक्का डायक्लोफेनॅक सोडियमइतके भरते. म्हणजे १ ग्रॅम जेलमध्ये १० मिलिग्रॅम औषध आणि ३० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये ३०० मिलिग्रॅम. नेहमीची डायक्लोफेनॅकची गोळी ५० मिलिग्रॅमची असते, तेव्हा एका ट्यूबमध्ये सहा गोळ्यांइतके औषध झाले. आकडा दचकवणारा आहे, पण ते सगळे आत जात नाही.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. कागदापेक्षाही पातळ असलेला हा थर बाहेरचे बहुतेक पदार्थ अडवून धरतो. त्यातून जे झिरपते त्यातले बरेचसे खालच्या स्नायूंत आणि सांध्याभोवती रेंगाळते आणि उरलेले हळूहळू रक्तात जाते. अमेरिकेत १ टक्का डायक्लोफेनॅक जेलच्या माहितीपत्रकात यासंबंधीचे मोजमाप दिले आहे. एका गुडघ्याला दिवसातून चार वेळा ४ ग्रॅम, म्हणजे दिवसाला १६ ग्रॅम जेल लावले, तर शरीराला मिळणारे एकूण औषध ५० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या रोज घेण्याच्या तुलनेत सुमारे ६ टक्के भरते. दोन्ही गुडघे आणि दोन्ही हातांना मिळून दिवसाला ४८ ग्रॅम चोपडले, तर ते सुमारे २० टक्क्यांवर जाते.

या ६ टक्क्यांच्या हिशेबाने ३० ग्रॅमची अख्खी ट्यूब एका गुडघ्यावर संपवली तरी शरीरात पोहोचणारे डायक्लोफेनॅक साधारण १८ मिलिग्रॅमच्या गोळीइतके होते. तेही एका दिवसात नाही, ट्यूब जितके दिवस पुरेल तितक्या दिवसांत. पोटाचा आणि मूत्रपिंडाचा त्रास जेलने गोळीपेक्षा कमी होतो, तो याच कारणाने. गुडघा, मनगट, बोटे असे त्वचेजवळचे सांधे दुखत असतील तर जेलने सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते. खुब्याचा सांधा मात्र मांसाच्या जाड थराखाली असतो. तिथपर्यंत वरून लावलेले औषध पुरेसे पोहोचत नाही.

इथे एक गोची आहे. अभ्यासांत जेल दिवसाला १६ ग्रॅम वापरले गेले. एका वेळचे ४ ग्रॅम म्हणजे ट्यूबमधून काढलेली साधारण ११ सेंटिमीटर लांबीची रेघ. आपल्याकडे वाटाण्याएवढे जेल बोटावर घेतात, रात्री झोपताना एकदा चोळतात आणि दोन दिवसांत आराम पडला नाही की 'जेलने काही होत नाही' म्हणून गोळी सुरू करतात. संधिवाताच्या दुखण्यात जेल आठवडाभर नियमित लावल्याशिवाय त्याचा निकाल लावता येत नाही. आठवडाभर लावूनही प्रत्येकाला गुण येतोच असे नाही. गुडघ्याच्या जुन्या झिजेत डायक्लोफेनॅक जेल लावणाऱ्या १० पैकी साधारण ६ जणांना चांगला आराम पडतो आणि औषध नसलेले नुसते जेल लावणाऱ्या १० पैकी ५ जणांना. मुरगळण्यात आणि मुक्या मारात फरक याहून बराच मोठा दिसतो.

बारीक अक्षरांतले दुसरे औषध

आता तीच ट्यूब उलटी करून मागचा मजकूर वाचावा. डायक्लोफेनॅकखाली बहुतेक वेळा आणखी तीन नावे सापडतात: जवसाचे तेल ३ टक्के, मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के आणि मेन्थॉल ५ टक्के. स्प्रेच्या डब्यावरही बऱ्याचदा हीच यादी असते, फक्त सोबत दाबाखालचा वायू आणि अल्कोहोल असते.

मेन्थॉलचे काम गारवा देण्याचे. जेल लावल्या लावल्या 'लागू पडले' असे वाटते ते मेन्थॉलमुळे, डायक्लोफेनॅक तेव्हा अजून त्वचेच्या वरच्या थरातच असते. मिथाइल सॅलिसिलेट हा मात्र अ‍ॅस्पिरिनच्या घराण्यातला पदार्थ आहे. बामचा तो ओळखीचा उग्र वास त्याचाच. त्वचेत शिरल्यावर त्याचे सॅलिसिलिक आम्ल होते, जे अ‍ॅस्पिरिन घेतल्यावरही तयार होते.

आणि हा पदार्थ डायक्लोफेनॅकपेक्षा कितीतरी सहज आत जातो. निरोगी माणसांवर केलेल्या एका मोजणीत, १२.५ टक्के मिथाइल सॅलिसिलेटचे मलम पहिल्यांदा लावल्यावर त्यातला सुमारे १५ टक्के भाग शरीरात गेला. काही दिवस सतत लावल्यावर हे प्रमाण २२ टक्क्यांपर्यंत वाढले.

आता साधा गुणाकार. दिवसाला ४ ग्रॅम जेल वापरले तर त्यात डायक्लोफेनॅक ४० मिलिग्रॅम असते आणि त्यातले गोळीच्या हिशेबाने अडीच मिलिग्रॅमच्या आसपास आत जाते. त्याच ४ ग्रॅममध्ये मिथाइल सॅलिसिलेट ४०० मिलिग्रॅम असते आणि २० टक्के धरले तर त्यातले ८० मिलिग्रॅम आत जाते. म्हणजे वेष्टनावर ठळक अक्षरांत ज्याचे नाव आहे त्याच्यापेक्षा बारीक अक्षरांतले औषध रक्तात कितीतरी अधिक पोहोचते.

हृदयरुग्णांना रोज दिली जाणारी अ‍ॅस्पिरिनची गोळी ७५ मिलिग्रॅमची असते. वजनाने आकडे जवळ असले तरी काम एक नाही. गुठळी रोखण्याचा अ‍ॅस्पिरिनचा खास गुण बामातून मिळत नाही, त्यामुळे कोणी जेलच्या भरवशावर हृदयाची गोळी बंद करू नये.

अडचण अशी की अभ्यासात दिलेल्या प्रमाणात, म्हणजे दिवसाला १६ ग्रॅम, हे चार औषधांचे मिश्रण लावायचे ठरवले तर सॅलिसिलेटही चौपट होते. पूर्ण मात्रेत जेल लावायचे असेल तर ज्यात फक्त डायक्लोफेनॅक आहे असे जेल मागून घ्यावे. तसे मिळते. गारवा कमी लागतो, एवढेच.

उन्हाळा, शेक आणि एरंडाचे पान

वर दिलेले सगळे आकडे साध्या तापमानाला, निरोगी त्वचेवर, उघड्या लावलेल्या औषधाचे आहेत. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. उष्णतेने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घामाने वरचा थर ओलसर, सैल होतो. औषधाला आत जायची वाट मोकळी होते आणि आत गेलेले रक्त झपाट्याने वाहून नेते.

मिथाइल सॅलिसिलेटच्या बाबतीत हे प्रत्यक्ष तपासले गेले आहे. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना औषध लावून उष्ण वातावरणात बसवले आणि व्यायामही करायला लावला. ४० अंशांच्या उष्णतेत व्यायाम केल्यावर औषधाचे शोषण तिपटीपर्यंत वाढल्याचे दिसले. वर्ध्यात ४० अंश म्हणजे एप्रिलमधली साधी दुपार, आणि तेव्हा शेतात चाललेली नांगरणी-वखरणी हा व्यायामच.

घरगुती उपायही याच दिशेने जातात. जेल चोळून वरून गरम पाण्याच्या पिशवीने शेकणे, गरम केलेले एरंडाचे किंवा रुईचे पान गुडघ्यावर ठेवून फडक्याने करकचून बांधणे, किंवा क्रेप बँडेज गुंडाळणे. पान एकटे बांधले तर प्रश्न नाही. जेलवर बांधले की उष्णता आणि बंदिस्तपणा दोन्ही एकदम मिळतात आणि औषध वाजवीपेक्षा जास्त आत ढकलले जाते. शिवाय त्वचा भाजते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट असलेल्या लेपांमुळे त्वचेवर फोड येण्याच्या, भाजण्याच्या नोंदी जाहीर केल्या होत्या. त्यातल्या बहुतेक ३ टक्क्यांहून जास्त मेन्थॉल किंवा १० टक्क्यांहून जास्त मिथाइल सॅलिसिलेट असलेल्या उत्पादनांच्या होत्या. आपल्या नेहमीच्या ट्यूबमध्ये मेन्थॉल ५ टक्के असते, हे इथे लक्षात घ्यावे. शेक द्यायचाच असेल तर आधी द्यावा, त्वचा पूर्ण गार होऊ द्यावी आणि मग जेल लावावे. जेल लावल्यावर दहा मिनिटे कपडा टाकू नये, तासभर आंघोळ करू नये.

वेचणीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट घडते. वाळलेल्या बोंडाची टोके बोटांना ओरखडे पाडतात. खरचटलेल्या जागी त्वचेचा तो राखणदार थरच नसतो, त्यामुळे तिथे जेल किंवा स्प्रे लावला तर ६ टक्क्यांचा हिशेब लागू राहत नाही. खरचटलेल्या, फोड आलेल्या किंवा गजकर्ण झालेल्या जागी हे औषध लावायचे नसते. केटोप्रोफेन असलेले जेल असेल तर पथ्य आणखी कडक आहे. ते लावलेल्या जागी ऊन लागले तर त्वचेची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून वापर चालू असताना आणि बंद केल्यावर पुढे दोन आठवडे ती जागा झाकून ठेवावी लागते. शेतात राबणाऱ्याने हे जेल न घेतलेले बरे.

हे सगळे कुठल्या टोकाला जाऊ शकते याचे उदाहरण २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये घडले. शाळेच्या धावण्याच्या संघातली १७ वर्षांची एक मुलगी दुखऱ्या पायांना मिथाइल सॅलिसिलेट असलेली अनेक उत्पादने एकाच काळात वापरत होती. तिचा मृत्यू झाला आणि मिथाइल सॅलिसिलेटची विषबाधा हे कारण वैद्यकीय तपासणीत नोंदवले गेले. अशी घटना अतिशय विरळ आहे. पण एकाच वेळी जेल, बाम, स्प्रे आणि चिकटपट्टी वापरणारे लोक विरळ नाहीत, आणि चारही ठिकाणी तेच औषध आहे हे त्यांना ठाऊक नसते.

सोबत गोळी घेतली तर

मेडिकलवर 'अंगदुखीची गोळी' म्हणून मिळते ती बहुधा अ‍ॅसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम अधिक पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम, किंवा डायक्लोफेनॅक अधिक पॅरासिटामॉल अशी जोडगोळी असते. घरात तिला 'पॅरासिटामॉलची गोळी' म्हणायची पद्धत आहे आणि फसगत तिथेच होते. नुसते पॅरासिटामॉल आणि जेल ही जोडी चालते. अ‍ॅसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक आम्ल, निमेसुलाइड, एटोरिकॉक्सिब यांच्यापैकी काहीही पत्त्यावर दिसले की ती गोळी जेलच्याच गटातली समजावी.

दोन्ही एकत्र घेतल्याने आराम तरी जास्त पडतो का? गुडघ्याच्या झिजेच्या ७७५ रुग्णांवर बारा आठवडे चाललेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काहींना डायक्लोफेनॅकची गोळी, काहींना वरून लावायचे डायक्लोफेनॅकचे द्रावण आणि काहींना दोन्ही दिले होते. नुसते द्रावण लावणाऱ्यांना गोळी घेणाऱ्यांइतकाच आराम पडला. दोन्ही घेणाऱ्यांना एकट्या उपायापेक्षा ठळकपणे जास्त आराम पडला नाही.

त्रास मात्र वाढला. त्या द्रावणाच्या माहितीपत्रकानुसार, दोन्ही घेणाऱ्यांपैकी ३ टक्के रुग्णांना गुदद्वारातून रक्तस्राव झाला, नुसती गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १ टक्क्याहून कमी होते. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन दोन्ही घेणाऱ्या १२ टक्के जणांत बिघडले, नुसती गोळी घेणाऱ्या ७ टक्के जणांत. त्या द्रावणात औषध आत ओढणारा एक वेगळा घटक होता, त्यामुळे आपल्या जेलला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी फायदा शून्य आणि धोका थोडा जास्त, हा कल स्पष्ट आहे. सकाळी गोळी आणि रात्री जेल असे अंतर ठेवूनही हा प्रश्न सुटत नाही, कारण पोट आणि मूत्रपिंडावर दिवसभराचा एकूण भार पडतो.

एक उदाहरण मांडून पाहू

देवळी तालुक्यातल्या एका गावातल्या साठीच्या शेतकरी बाईंचे उदाहरण घेऊ. व्यक्ती काल्पनिक आहे, औषधे मात्र घरोघरी दिसणारी आहेत. रक्तदाबासाठी त्या टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅम एकत्र असलेली गोळी घेतात. दोन्ही गुडघे दुखतात. मे महिना आहे. १०० ग्रॅमची मोठी ट्यूब दहा दिवसांत संपते, म्हणजे दिवसाला १० ग्रॅम. सोबत अ‍ॅसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची गोळी सकाळ-संध्याकाळ.

जेलमधून त्यांना दिवसाला डायक्लोफेनॅक मिळते ते सुमारे ६ मिलिग्रॅमच्या गोळीइतके. मिथाइल सॅलिसिलेट १००० मिलिग्रॅम लागते, त्यातले १५० ते २०० मिलिग्रॅम आत जाते, आणि उन्हात काम करताना किंवा शेक घेताना त्याहून बरेच जास्त जाऊ शकते. गोळीतून २०० मिलिग्रॅम अ‍ॅसिक्लोफेनॅक थेट पोटात जाते. तेव्हा सर्वांत मोठा भार गोळीचाच आहे, जेल त्यावर थोडी भर घालते.

आता रक्तदाबाच्या गोळीकडे पाहू. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या बारीक जाळ्यांना आत येणारी एक नळी असते आणि बाहेर जाणारी एक. दोन्ही नळ्यांची रुंदी कमी-जास्त करून मूत्रपिंड आतला दाब सांभाळते. शेतातल्या पाटाचे पाणी वरच्या आणि खालच्या तोंडाशी माती लावून जसे तोलतात, तसेच. डायक्लोफेनॅक गटाचे औषध आत येणारी नळी आवळते. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी नळी सैल करते. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे पाणी काढून टाकते, म्हणजे पाटात मुळातच पाणी कमी. त्यात मे महिन्याचा घाम, आणि शेतात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी कमी पिण्याची बायकांची सवय. गाळणीवरचा दाब पडतो आणि काही दिवसांतच क्रिएटिनिन चढू शकते.

याची जाणीव आधी होत नाही. दुखणे तर कमीच झालेले असते. लघवीचे प्रमाण घटणे, पाय आणि चेहरा सुजणे, मळमळ, न जाणारा थकवा ही लक्षणे उन्हाच्या त्रासातही दिसतात, म्हणून ती उन्हावर ढकलली जातात. नेहमीच्या गोळीने आटोक्यात असलेला रक्तदाब अचानक वाढलेला दिसणे, ही आणखी एक खूण. क्रिएटिनिनची साधी रक्त तपासणी केली की चित्र स्पष्ट होते.

या बाईंनी अ‍ॅसिक्लोफेनॅकची गोळी सोडली, मिश्रणाऐवजी फक्त डायक्लोफेनॅकचे जेल घेतले आणि फारच दुखले त्या दिवशी नुसते पॅरासिटामॉल घेतले, तर मूत्रपिंडावरचा भार बहुतांश उतरतो. रक्तदाबाची गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नसते. मूत्रपिंड आधीच खराब असेल तर जेलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच लावावे.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर

वरच्या उदाहरणात जेल दुय्यम होते. एका गटात मात्र एकटे जेल, गोळीशिवायही, गडबड करू शकते. हृदयाची झडप बदललेले किंवा पायात गुठळी झालेले रुग्ण वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल घेतात. रक्त किती पातळ झाले हे 'आयएनआर' या तपासणीने मोजतात आणि बहुतेकांमध्ये ते २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. गोळीची मात्रा त्यावर बेतलेली असते, आणि तिची मोकळीक फार कमी असते.

हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९० मध्ये असे रुग्ण नोंदवले, ज्यांचे रक्त वॉरफरिनच्या नेहमीच्या मात्रेवरही गरजेपेक्षा जास्त पातळ झाले होते. कारण शोधताना त्यांच्या अंगाला चोळलेल्या मिथाइल सॅलिसिलेटच्या मलमापर्यंत ते पोहोचले. त्वचेतून आत गेलेले सॅलिसिलेट वॉरफरिनचा परिणाम वाढवते. रुग्णाला विचारले की 'दुसरे काही औषध चालू आहे का', तर तो नाही म्हणतो, कारण बाम हे औषध आहे असे त्याच्या मनातही येत नाही.

हिरड्यांतून रक्त येणे, न लागता अंगावर निळे-काळे डाग उमटणे, लघवी लालसर होणे किंवा शौचाला डांबरासारखी काळी होणे ही लक्षणे दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तपासणी करावी. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय असो की सावंगीचे, तपासणीला जाताना गोळ्यांच्या पत्त्यांसोबत घरातली ट्यूब, बामची डबी आणि स्प्रेचा डबाही पिशवीत टाकावा. डॉक्टरांना मागची बारीक अक्षरे वाचता येणे इथे गरजेचे असते.

ज्यांना अ‍ॅस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळीने पूर्वी धाप लागली आहे, त्या दमेकऱ्यांनी हे जेल टाळावे. बंद खोलीत मारलेला स्प्रे तर त्यांच्या थेट श्वासात जातो. गर्भवतींनी स्वतःच्या मनाने लावू नये, शेवटच्या तीन महिन्यांत तर मुळीच नाही. स्प्रेचा वायू पेट घेतो, त्यामुळे चूल किंवा गॅस पेटलेला असताना स्वयंपाकघरात तो मारू नये.

कानात सतत गुंई असा आवाज येणे, श्वास जोरजोरात होणे, उलट्या आणि गोंधळल्यासारखे वाटणे ही सॅलिसिलेट जास्त झाल्याची लक्षणे आहेत. मोठ्या माणसांत ती जेलने क्वचितच दिसतात. लहान मुलांचे तसे नाही. विंटरग्रीन तेल नावाने जे तेल मिळते ते जवळपास शुद्ध मिथाइल सॅलिसिलेट असते. त्याचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, पोटात गेला तर ते अ‍ॅस्पिरिनच्या ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक गोळ्यांइतके होते. वास गोड, औषध गोळ्या-चॉकलेटसारखा, म्हणून मूल ते तोंडाला लावते. मुलाने असे काही गिळल्याचा संशय आला तर उलटी करवू नये, बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

जेल, स्प्रे किंवा गोळीमुळे त्रास झाल्यास रुग्ण स्वतःही त्याची नोंद करू शकतो. केंद्र सरकारच्या औषध सुरक्षा कार्यक्रमाचा टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. फोन करताना ट्यूब हाताशी ठेवावी. औषधाचे नाव आणि तिच्यावर छापलेला बॅच क्रमांक नोंदीसाठी लागतो.